महिन्याला सव्वा टक्का म्हणजे वर्षाला किती?

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असून घरची पाच एकर शेती आहे. विहिरीवरची मोटर जळाली म्हणून नवा सबमर्सिबल पंप, स्टार्टर आणि केबल असे ४८,००० रुपयांचे सामान क्रेडिट कार्डावर घेतले. आता बँकेचा मेसेज आला आहे : बारा हप्ते करून घ्या, हप्ता ४,३३२ रुपये, व्याज महिन्याला सव्वा टक्का, प्रक्रिया शुल्क २ टक्के, मुदतीआधी बंद केल्यास उरलेल्या मुद्दलावर ३ टक्के, कर वेगळा. तीन हप्ते भरेपर्यंत कापूस विकला जाईल, मग उरलेले एकदम भरून टाकावे असा विचार आहे. दुकानदार म्हणतो, वर्षाला पंधराच टक्के पडतात. खरेच तेवढेच पडतात का?
— एक वाचक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

नाही, तेवढेच पडत नाहीत. बाराही हप्ते ठरल्याप्रमाणे भरले, तर हे पैसे तुम्हांला वर्षाला सुमारे २२ टक्क्यांनी पडतात. तीन हप्त्यांनंतर बंद करण्याचा जो बेत तुम्ही आखला आहे, त्यात तर तो दर ४० टक्क्यांच्या घरात जातो. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही, कारण व्याजाचा दर पंधराच आहे. परंतु व्याज हा या खर्चाचा केवळ एक भाग आहे आणि बाकीचे भाग मेसेजमधल्या ‘कर वेगळा’ या दोन शब्दांत आणि त्या दोन टक्क्यांत दडलेले आहेत. ते एकेक करून उलगडू. तुम्ही आकड्यांना घाबरणारे नाही, तरी वही-पेन घेऊन बसलात तर बरे.

सुरुवात पहिल्या बिलापासून करू. मेसेजमध्ये हप्ता ४,३३२ रुपये लिहिलेला आहे, पण पहिल्या बिलात तेवढेच येणार नाहीत. पहिल्या महिन्याचे व्याज म्हणजे ४८,००० रुपयांवर सव्वा टक्का, म्हणजे ६०० रुपये, आणि ते ४,३३२ मध्ये धरलेले आहे. या ६०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १०८ रुपये होतो आणि हप्त्याच्या बाहेर असतो. प्रक्रिया शुल्क ४८,००० च्या २ टक्के म्हणजे ९६० रुपये, त्यावर १८ टक्के कर १७२ रुपये ८० पैसे, असे एकूण १,१३२ रुपये ८० पैसे होतात आणि ते बहुधा पहिल्याच बिलात एकरकमी लावले जातात. सगळी बेरीज केली की पहिले बिल ५,५७३ रुपयांचे होते. मेसेजमधल्या आकड्यापेक्षा ते १,२४१ रुपयांनी जास्त आहे.

हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीसाठी शिलाई मशीन कार्डावर घेतली आणि फोनवर आलेल्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून तिचे हप्ते करून घेतले. ‘हप्त्याशिवाय काहीच नाही ना?’ असे मी दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा ‘काहीच नाही’ असेच उत्तर मिळाले होते. बिल आले तेव्हा त्या एका मशीनच्या पाच ओळी होत्या : मुद्दल, व्याज, व्याजावरचा कर, शुल्क आणि शुल्कावरचा कर. त्यातली कराची एक ओळ पुढे दर महिन्याला येत राहिली. मी तक्रार केली तेव्हा शर्तींच्या पानावरची ओळ मला वाचून दाखवण्यात आली. ओळ तिथे होती हे खरे. पण ती मला होकार दिल्यानंतर दाखवण्यात आली, त्याआधी नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून तुमचे पत्र होकार देण्याआधी आले, याचा मला मनापासून आनंद आहे.

व्याजावर कर लागतो हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण पीककर्जाच्या, घरकर्जाच्या किंवा सोनेतारण कर्जाच्या व्याजावर जीएसटी कधी पाहिलेला नसतो. त्याचे कारण असे की, १ जुलै २०१७ पासून हा कर लागू झाला तेव्हा ठेवी व कर्जांवरील व्याजाला सूट देण्यात आली, मात्र त्याच सुटीतून क्रेडिट कार्ड सेवेतील व्याज स्पष्टपणे वगळण्यात आले. म्हणजे एकच ६०० रुपयांचे व्याज तुम्ही सोनेतारण कर्जावर दिले तर ६०० च राहते आणि कार्डावर दिले की ७०८ होते. पंधरा टक्के दराचा कार्डावरचा खरा दर या एका कारणाने १५ गुणिले १.१८, म्हणजे १७.७ टक्के होतो. तुम्ही कोणत्या बँकेचे कार्ड वापरता किंवा किती महिन्यांचे हप्ते करता, याने या भागात काही फरक पडत नाही. पंप घेताना त्याच्या किमतीत जो जीएसटी तुम्ही दिला, त्याच्याशीही याचा संबंध नाही. तो मालावरचा कर होता, हा उधारीवरचा आहे.

आता प्रक्रिया शुल्काकडे वळू, कारण सर्वांत मोठी गफलत इथे होते. शुल्क दोन टक्के आहे, म्हणून १७.७ मध्ये २ मिळवले आणि १९.७ झाले, असे आपण सहज म्हणतो. करासह २.३६ धरले तरी वीसच्या आसपास थांबतो. परंतु हे शुल्क पूर्ण ४८,००० रुपयांवर घेतलेले असते आणि पूर्ण ४८,००० रुपये तुमच्याकडे केवळ पहिला महिनाभर राहतात. समजा तुम्ही पाच एकरांचे शेत मक्त्याने केले, मक्ता पूर्ण पाच एकरांचा आणि वर्षभराचा आगाऊ मोजून दिला, पण अट अशी की दर महिन्याला शेताचा एकेक तुकडा मालकाला परत करत जायचे आणि वर्षाच्या शेवटी हातात काही उरायचे नाही. अशा वेळी एकरी मक्ता किती पडला हे काढताना आपण पाचाने भागणार नाही. सरासरी जेवढी जमीन खरोखर आपल्या ताब्यात होती, तिने भागू. हप्त्यांच्या पैशांचे नेमके हेच आहे.

तुमच्या बाबतीत हे मोजून पाहू. पहिल्या हप्त्यातून ३,७३२ रुपये मुद्दलात जमा होतात, म्हणून दुसऱ्या महिन्यात तुमच्याकडे बँकेचे ४४,२६८ रुपये उरतात. त्यानंतर ४०,४८९, मग ३६,६६२, अशी ही रक्कम उतरत जाऊन बाराव्या महिन्यात ४,२७९ रुपये राहते. या बारा शिलकांची बेरीज ३,१९,१०४ रुपये होते. तिला बाराने भागले की २६,५९२ रुपये येतात. वर्षभर सरासरी एवढेच पैसे तुम्ही वापरलेले असतात, ४८,००० नव्हे. करासह शुल्काचे १,१३३ रुपये या २६,५९२ च्या ४.२६ टक्के होतात. म्हणजे दोन टक्के म्हणून सांगितलेले शुल्क वर्षाच्या हिशेबाने सव्वाचार टक्के पडले. १७.७ मध्ये ते मिळवले की जवळपास २२ टक्के होतात.

रुपयांत सांगायचे तर बारा महिन्यांचे व्याज ३,९८९, त्यावरचा कर ७१८ आणि करासह शुल्क १,१३३, असे एकूण ५,८४० रुपये तुम्ही पंपाच्या किमतीवर जास्तीचे देता. इथे एक सापळा आहे, तो ध्यानात घ्या. ५,८४० ला ४८,००० ने भागले तर १२ टक्केच येतात, आणि फोनवरचा माणूस हाच आकडा सांगून ‘पंधराही नाही, बाराच टक्के पडतात’ असे म्हणू शकतो. तो भागाकार चुकीचा आहे, कारण त्यात तुम्ही परत केलेले पैसेही तुमच्याकडेच आहेत असे धरलेले असते.

वहीतला हा हिशेब ढोबळ आहे, पण भरवशाचा आहे. नेमका आकडा हवा असेल तर शाळेच्या संगणकावर स्प्रेडशीट उघडा. पहिल्या चौकटीत तुमच्या हाती प्रत्यक्षात पडलेली रक्कम लिहा, म्हणजे ४८,००० वजा शुल्क व त्यावरचा कर, म्हणजेच ४६,८६७.२०. त्याखालच्या बारा चौकटींत दर महिन्याचा हप्ता अधिक त्या महिन्याच्या व्याजावरचा कर उणे चिन्ह लावून लिहा. पहिला उणे ४,४४०.४०, दुसरा उणे ४,४३२.००, आणि असे करत शेवटचा उणे ४,३४२.०३. मग हे सूत्र टाका :

```
=IRR(A1:A13)*12
```

उत्तर २२.३ टक्के येईल. व्याजावर व्याज धरून मोजणारे याच व्यवहाराला २४.८ टक्के म्हणतील आणि तेही बरोबरच आहे, पण आपल्याकडे दर महिन्याच्या शेकड्यावर बोलतात, म्हणून मी पहिला आकडा धरतो. महिन्याच्या भाषेत तो शेकडा १ रुपया ८६ पैसे होतो. गावातला महिला बचत गट आपल्या सदस्यांना शेकडा दोन रुपयांनी कर्ज देतो, तेव्हा ‘दोन टक्के म्हणजे फार झाले’ असे आपण म्हणतो. कार्डाचा सव्वा टक्का प्रत्यक्षात त्याच्या अगदी जवळ जाऊन बसतो, आणि गटाचे व्याज निदान गटाच्याच पेटीत राहते.

आता तुमच्या बेताविषयी, ज्याची मला जास्त काळजी वाटते. हप्ता लहान राहावा म्हणून बारा महिने घ्यायचे आणि कापसाचे पैसे आले की मोकळे व्हायचे, हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो. साध्या कर्जात तो शहाणपणाचा असतोही. परंतु इथे बारा महिन्यांसाठी म्हणून दिलेले शुल्क परत मिळत नाही आणि वरून बंद करण्याचे ३ टक्के मोजावे लागतात. तीन हप्ते भरून झाले की मुद्दल ३६,६६२ रुपये उरलेले असेल. त्याचे ३ टक्के म्हणजे १,१०० रुपये, त्यावरही १८ टक्के कर, असे १,२९८ रुपये द्यावे लागतील. तोवर तीन महिन्यांचे व्याज १,६५९ रुपये आणि त्यावरचा कर २९९ रुपये तुम्ही दिलेला असेल, आणि सुरुवातीचे १,१३३ रुपये तर गेलेलेच असतील. सगळे मिळून ४,३८९ रुपये होतात. हे तुम्ही तीनच महिने पैसे वापरल्याबद्दल दिलेले असतील. पहिल्या तीन शिलकांची बेरीज १,३२,७५६ रुपये. तिला बाराने भागून आलेल्या ११,०६३ ने ४,३८९ ला भागले की वर्षाचा दर ३९.७ टक्के निघतो.

याचा अर्थ असा मात्र घेऊ नका की, बारा महिने एकदा घेतले तर मग मधे बंद करूच नये. घेऊन झालेच असतील आणि पैसे हाताशी असतील, तर बंद केल्याने पुढचे व्याज व कर मिळून २,७४९ रुपये टळतात, दंडाचे १,२९८ जातात, आणि १,४५१ रुपये तरीही वाचतात. चूक बंद करण्यात नाही. लवकर बंद करायचे हे आधीपासून ठाऊक असताना लांबची मुदत निवडण्यात चूक आहे.

म्हणून मुदत पहिल्याच दिवशी बरोबर निवडा. दर आणि शुल्क हेच राहिले आणि तुम्ही सहा हप्ते घेतले, तर हप्ता ८,३५४ रुपये पडेल आणि सहाही हप्ते पुरे भरून जास्तीचा खर्च ३,६३७ रुपये होईल. म्हणजे बारा घेऊन तीननंतर बंद करण्यापेक्षा, सहा घेऊन शेवटपर्यंत नेणे ७५२ रुपयांनी स्वस्त आहे, आणि त्यात पैसेही दुप्पट काळ हाताशी राहतात. तीनच हप्ते घेतले तर खर्च २,५५५ रुपयांवर येतो, मात्र हप्ता १६,४०२ रुपयांचा होतो, आणि हरभऱ्याच्या बियाण्याचा, खताचा व कापूस वेचणीच्या मजुरीचा खर्च ज्या महिन्यांत अंगावर येतो, त्याच महिन्यांत पगारातून एवढी रक्कम काढणे मला तुमच्या वतीने शक्य वाटत नाही. ते तुम्हीच ठरवा.

या तिन्ही मुदतींचा वार्षिक दर काढला तर एक उलटी गोष्ट दिसते : तीन महिन्यांना सुमारे ३१.८ टक्के, सहा महिन्यांना २५.७ आणि बारा महिन्यांना २२. मुदत जितकी कमी, तितका दर जास्त. कारण शुल्क तेवढेच राहते आणि पैसे वापरायला मिळालेला काळ आखूड होतो. चोवीस महिन्यांना तर दर २० च्याही किंचित खाली येतो, पण रुपये मात्र १०,४०४ जातात. म्हणून दोन बँकांची तुलना करायची असेल तेव्हा वार्षिक दर पाहावा, आणि एकाच बँकेत मुदत ठरवायची असेल तेव्हा घरातून जाणारे एकूण रुपये पाहावेत. हे दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की फसगत होते.

यातून आणखी एक उपयोगाची गोष्ट निघते. कमी मुदतीत व्याजाच्या दरापेक्षा शुल्क जड जाते, म्हणून ग्राहक सेवेला फोन लावाल तेव्हा ‘व्याज कमी करा’ असे म्हणण्याऐवजी शुल्काविषयी बोला. काही कार्डांवर टक्केवारीऐवजी ठोक शुल्काची योजनाही असते. समजा कोणी १८ टक्के व्याज सांगितले, पण शुल्क ठोक १९९ रुपये ठेवले, तर सहा महिन्यांचा एकूण खर्च करासह सुमारे ३,२४५ रुपये होतो. पंधरा टक्के आणि दोन टक्के शुल्काच्या योजनेत तोच ३,६३७ होता. व्याज तीन टक्क्यांनी जास्त असूनही ही योजना जवळपास ३९० रुपयांनी स्वस्त पडते. दर पाहून निवडणारा माणूस इथे महाग योजना घेऊन जाईल.

कार्डाच्या बाहेरचा एक पर्याय मला तुमच्यासमोर ठेवलाच पाहिजे. घरात थोडे सोने असेल आणि घरच्यांची हरकत नसेल, तर बँकेचे सोनेतारण कर्ज काढून कार्डाचे बिल शेवटच्या तारखेआधी पुरे भरून टाकता येईल. दहा टक्के दर धरला तर ४८,००० रुपयांचे तीन महिन्यांचे व्याज १,२०० रुपये होते, त्या व्याजावर जीएसटी नाही, आणि कापसाचे चुकारे महिनाभर लांबले तरी १,६०० रुपयांत भागते. मूल्यांकनाचे आणि कागदपत्रांचे शुल्क वेगळे लागते, तसेच मुदतीआधी फेडल्यास काही आकार आहे का, हेही तुमच्या शाखेत आधी विचारून घ्यावे लागेल. ज्याचे पैसे तीन-चार महिन्यांत नक्की येणार आहेत, त्याच्यासाठी हे गणित कार्डापेक्षा पुष्कळ बरे आहे. मात्र पैसे नक्की येणार आहेत का, याचे उत्तर तुमच्या शेतात उभ्या असलेल्या पराटीलाच ठाऊक. बोंडअळीने दुसरी वेचणी खाल्ली, तर सोने अडकून पडते, हेही मनात धरा.

जे काही ठरवाल ते बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी ठरवा. ती तारीख उलटून गेली आणि बिल अपुरे भरले, तर हप्त्याचा नव्हे, कार्डाचा मूळ दर लागतो. तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, त्यावरही १८ टक्के कर असतो, आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. वर्षाचा हिशेब केला तर ते जवळपास पन्नास टक्के होतात. त्यापुढे वरचे चाळीससुद्धा कमी वाटतील. हप्ते सुरू झाल्यावरही हीच काळजी घ्यावी लागते. प्रत्येक महिन्याचा हप्ता आणि त्या महिन्यातली इतर खरेदी असे संपूर्ण बिल भरत जा. ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरली आणि बाकीचे राहू दिले, तर त्या उरलेल्या रकमेवर मूळ दराने व्याज चढते आणि नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. शिवाय हप्त्यांचे मुद्दल जसजसे फिटेल तसतशीच कार्डाची मर्यादा मोकळी होते, म्हणून अडीनडीला, एखाद्या दवाखान्याच्या खर्चाला कार्डात पूर्ण मर्यादा शिल्लक असेल असे धरून चालू नका.

होकार देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली हप्त्याच्या आकड्यावरूनच कळते. सव्वा टक्का व्याज उतरत्या शिलकेवर असेल, तर बारा महिन्यांचा हप्ता ४,३३२ येतो, आणि तुमच्या मेसेजमध्ये तोच आहे. म्हणून त्या बाबतीत तुमची योजना सरळ आहे. तेच व्याज पूर्ण रकमेवर सपाट लावले असते, तर ७,२०० रुपये व्याज होऊन हप्ता ४,६०० झाला असता. सहा महिन्यांची योजना मागाल तेव्हाही हे पाहा : हप्ता ८,३५४ च्या आसपास हवा. तो ८,६०० सांगितला, तर व्याज सपाट आहे असे समजून फोन ठेवून द्या.

दुसरी गोष्ट हक्काची आहे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत असे बंधन घातलेले आहे की, खरेदीचे हप्ते करण्याआधीच मुद्दल किती, व्याज किती आणि काही सूट दिली असल्यास ती किती, हे ग्राहकाला स्पष्ट दाखवले पाहिजे, बिलातही ते वेगवेगळे दिसले पाहिजे, आणि व्याज असलेल्या हप्त्यांना बिनव्याजी म्हणून खपवता येणार नाही. म्हणून ‘होकार द्या, तपशील नंतर बिलात येईल’ असे कोणी फोनवर म्हणाले, तर मान्य करू नका. बँकेच्या ॲपमध्ये हप्त्यांच्या पानावर हा तपशील असतो. शेवटचे बटण दाबण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्या पानावर कराची रक्कम बहुधा लिहिलेली नसते, ती तुम्ही स्वतः व्याजाच्या आणि शुल्काच्या १८ टक्के म्हणून काढा. काही बँका हप्ते सुरू होण्याआधीच्या मधल्या दिवसांचे व्याजही पहिल्या बिलात घेतात, तेवढे विचारून घ्या.

सहा हप्त्यांची योजना याच दराने आणि शुल्काने घेतलीत, तर पहिले बिल ९,५९४ रुपयांच्या आसपास यायला हवे : हप्ता ८,३५४, व्याजावरचा कर १०८ आणि करासह शुल्क १,१३३, अर्थात त्या महिन्यातली इतर खरेदी सोडून. त्यापुढे दर महिन्याला कराची रक्कम घटत गेली पाहिजे, कारण व्याज घटत जाते. ती सहाही महिने १०८ च राहिली, तर स्क्रीनशॉट जोडून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर ती नेता येते आणि त्यासाठी काही फी लागत नाही.